काजूचा सौदा, दोन भाषा आणि एक वही

पाठोपाठच्या भाषांतरात बोलणारा आपले म्हणणे मांडतो आणि थांबतो. मग दुभाषी तेच म्हणणे दुसऱ्या भाषेत अथपासून इतिपर्यंत सांगतो. आंतरराष्ट्रीय परिषदांमध्ये काचेच्या खोलीत बसून, कानाला हेडफोन लावून वक्त्याच्या बरोबरीने जे भाषांतर चालते, त्याहून हा प्रकार वेगळा आहे. व्यापारी वाटाघाटीत टेबलाभोवती सहा-आठ माणसे असतात. एकेक जण अर्धे मिनिट ते दोन-तीन मिनिटे बोलतो आणि तेवढा वेळ दुभाष्याला सगळे धरून ठेवावे लागते. त्याची साधने तीन: स्मरण, वही आणि बैठकीच्या आधी केलेली तयारी. तिसऱ्या साधनाकडे फारसे कोणाचे लक्ष जात नाही, पण उरलेली दोन त्याच्यावरच उभी असतात.

व्हिएतनामी आणि इंग्रजी या जोडीत ही तयारी कशी होते, हे काजूच्या सौद्यावरून चांगले समजते. व्हिएतनाम काजूगराचा जगातील फार मोठा निर्यातदार आहे. तिथल्या कारखान्यांना लागणाऱ्या कच्च्या बीचा बराचसा भाग आफ्रिकेतून आणि शेजारच्या कंबोडियातून येतो. गर फोडून, सोलून, प्रतवारी करून बाहेर जातो आणि त्याचा भाव डॉलर व पौंड या मापांत, इंग्रजीतून ठरतो. समजा, हो चि मिन्ह शहरातील एका कारखान्याचे लोक आणि एक परदेशी खरेदीदार समोरासमोर बसणार आहेत. माल ‘डब्ल्यू ३२०’ या प्रतीचा आहे. अख्खा पांढरा गर, एका पौंडात साधारण ३०० ते ३२० नग, असा या नावाचा अर्थ. पन्नास पौंडांचे ७०० खोके भरले की वीस फुटी कंटेनर भरतो. म्हणजे एका कंटेनरमध्ये ३५,००० पौंड, जवळजवळ १५.९ टन माल. हे आकडे दुभाष्याला बैठकीआधीच तोंडपाठ हवेत. ते पाठ असले की ऐकताना ‘सातशे’ हा शब्द कानावर पडताच तो खोक्यांचा आकडा आहे हे कळते आणि त्यासाठी वेगळे डोके चालवावे लागत नाही.

बैठक ठरली की दुभाषी आधी कागद मागतो: दोन्ही बाजूंचा आधीचा पत्रव्यवहार, कराराचा मसुदा, मागच्या सौद्याचे बीजक आणि बैठकीची विषयपत्रिका. अनेक ग्राहक हे कागद गोपनीय म्हणून द्यायला कचरतात. अशा वेळी गोपनीयतेचे लेखी वचन देऊन ते मिळवणे हाच मार्ग असतो, कारण मसुदा न वाचता बसलेला दुभाषी पहिला अर्धा तास सौदा काय आहे हे समजून घेण्यातच घालवतो. त्यानंतर मागायची ती उपस्थितांची यादी. तीत नाव आणि हुद्दा तर हवाच, पण शक्य असेल तर वयाचा अंदाजही हवा. इंग्रजीच्या दुभाष्याला वयाशी काय देणेघेणे, असे वाटेल. व्हिएतनामीत मात्र ‘तुम्ही’ म्हणायला एकच शब्द नाही. समोरचा थोरल्या भावासारखा असेल तर ‘आन्ह’, थोरल्या बहिणीसारखी असेल तर ‘ची’, वयाने किंवा मानाने बरेच मोठे असतील तर ‘ओंग’ किंवा ‘बा’, लहान असेल तर ‘एम’. इंग्रजीतला एकच सर्वनाम-शब्द ऐकून दुभाष्याला यांतला एक निवडावा लागतो, तोही क्षणभरात. वयाने मोठ्या महिला संचालकांना ‘ची’ म्हणायचे की ‘बा’, हे बैठकीआधी कारखान्याच्याच एखाद्या कर्मचाऱ्याला विचारून घेतलेले बरे. नावांचेही तसेच. व्हिएतनामी नावात आडनाव आधी आणि दिलेले नाव शेवटी येते, आणि माणसाला हाक त्या शेवटच्या नावाने मारतात. ‘न्गुयेन’ हे आडनाव इतक्या लोकांचे असते की एकाच टेबलावर तीन न्गुयेन बसलेले आढळणे नवलाचे नाही.

सर्वनामांचा आणखी एक पेच आहे आणि तो मराठी माणसाला लगेच कळेल. मराठीत ‘आम्ही’ म्हटले की ऐकणारा त्यातून वगळला जातो आणि ‘आपण’ म्हटले की तो त्यात येतो. व्हिएतनामीत हाच फरक ‘चुंग तोइ’ आणि ‘चुंग ता’ या शब्दांनी दाखवतात. इंग्रजीत दोन्हींसाठी एकच शब्द. खरेदीदार इंग्रजीत म्हणाला, ‘वाहतुकीचा वाढीव खर्च आपण सोसू’, तर तो ‘आम्ही एकटे सोसू’ म्हणतो आहे की ‘दोघे मिळून सोसू’? व्हिएतनामीत सांगताना दुभाष्याला यांतले एक ठरवावेच लागते आणि चुकीचा शब्द निवडला तर त्याने खरेदीदाराच्या नावाने हजारो डॉलरचे वचन देऊन टाकलेले असते. इथे अंदाजाला जागा नाही, विचारूनच घ्यावे लागते. उलट दिशेनेही सापळा आहे. व्हिएतनामी विक्रेते बोलण्याच्या ओघात ‘बेन मिन्ह’ म्हणतात. त्याचा शब्दशः अर्थ ‘आपली बाजू’, पण ग्राहकाशी आदराने बोलताना तोच शब्द ‘आपली’, म्हणजे ‘तुमची’, बाजू या अर्थानेही येतो. मराठीतले आदरार्थी ‘आपण’ असेच दोन्हीकडे वळते. ‘आपल्याला किती कंटेनर हवेत?’ हे वाक्य विक्रेत्याच्या तोंडी ऐकून कोणत्याही मराठी माणसाचा गोंधळ होत नाही. व्हिएतनामीतही संदर्भाने अर्थ कळतो, पण लक्ष ढळले की इंग्रजीत ‘आमच्या बाजूला’ असे उतरते.

तयारीचा सर्वांत मोठा भाग शब्दसूचीचा. अकारविल्हे मोठी सूची करण्यापेक्षा साठ-सत्तर शब्दांची, विषयपत्रिकेच्या क्रमाने लावलेली सूची अधिक उपयोगी पडते: आधी मालाची प्रत, मग भाव, मग रवानगी, मग रक्कम कशी द्यायची, शेवटी तक्रार आणि भरपाई. बैठकही साधारण याच वाटेने जाते, त्यामुळे शोधायला वेळ लागत नाही. प्रत्येक शब्द मोठ्याने, वाक्यात घालून म्हणून पाहायचा. नुसत्या डोळ्यांनी वाचलेला शब्द ऐन वेळी जिभेवर येत नाही.

सूचीतल्या काही शब्दांना एका ओळीचे स्पष्टीकरण जोडावे लागते. ‘दत कोक’ हा त्यातला सर्वांत महत्त्वाचा. इंग्रजीत त्यासाठी ठेव या अर्थाचा शब्द वापरतात आणि खरेदीदाराला तो किमतीचा आगाऊ दिलेला हप्ता वाटतो. प्रत्यक्षात तो मराठीतल्या इसाराच्या जवळचा आहे. व्हिएतनामच्या २०१५ च्या दिवाणी संहितेच्या कलम ३२८ नुसार, वेगळे काही ठरले नसेल, तर इसार देणाऱ्याने सौदा मोडल्यास रक्कम बुडते, आणि घेणाऱ्याने मोडल्यास त्याला ती रक्कम परत करून शिवाय तेवढीच रक्कम भरावी लागते. किमतीच्या नुसत्या आगाऊ भरण्याला ‘चा चुओक’ किंवा ‘ताम उंग’ म्हणतात आणि त्याला हे परिणाम चिकटलेले नाहीत. दुभाषी वकील नसतो, कायद्याचा सल्ला देणे त्याचे काम नाही. पण दोन्ही शब्दांना इंग्रजीत एकच प्रतिशब्द देऊन फरक पुसून टाकणे हेही त्याचे काम नाही. दंडाच्या कलमाचेही तसेच. २००५ च्या व्यापार कायद्यात करारभंगाच्या दंडाला भंग झालेल्या भागाच्या मूल्याच्या ८ टक्क्यांची मर्यादा आहे. परदेशी मसुद्यात पंधरा टक्के लिहिले असेल तर कारखान्याचे लोक त्यावर बोट ठेवणार. त्या वेळी हा वाद कशाबद्दल आहे हे दुभाष्याला आधी ठाऊक असले की भाषांतर सरळ होते.

मग येतात त्या रूढ बोली. व्हिएतनामी माणूस ऐकताना ‘वंग’ म्हणतो, दक्षिणेत ‘या’ म्हणतो. दोन्हींचा शब्दकोशातला अर्थ ‘हो’, पण पुष्कळदा ती केवळ ‘ऐकतो आहे’ अशी पोच असते, मराठीतल्या ‘बरं, बरं’सारखी. तिचे भाषांतर होकार म्हणून केले तर खरेदीदार भाव मान्य झाला असे समजून पुढच्या मुद्द्यावर जातो. ‘खो’, म्हणजे ‘अवघड आहे’, हा बहुतेक वेळा सौम्य नकार असतो. ‘मुळात मान्य आहे’ असे म्हटले जाते तेव्हा तपशिलावर आक्षेप शिल्लक असतात. ‘सिन ई किएन’, वरिष्ठांचे मत घेऊ, ही कधी टाळाटाळ असते आणि कधी अगदी खरे कारण, कारण अनेक कंपन्यांत टेबलावरच्या माणसाला अंतिम शब्द देण्याचा अधिकार नसतोच. अशा ठिकाणी दुभाष्याने काय करावे? ‘अवघड आहे’चे भाषांतर त्याने ‘अवघड आहे’ असेच करावे. त्याला ‘नाही’ करणे म्हणजे बोलणाऱ्याने उघडे ठेवलेले दार आपल्या हाताने लावणे. मात्र बैठकीच्या आदल्या दिवशी आपल्या ग्राहकाला या बोलींची कल्पना देणे केवळ योग्यच नव्हे, आवश्यक आहे. अर्थ लावण्याचे काम ग्राहकाचे आणि त्यासाठी लागणारी माहिती त्याला वेळेवर मिळालेली असते.

एका छोट्या शब्दाबद्दल तर कितीही सांगितले तरी कमीच. ‘खोंग’ म्हणजे नाही आणि ‘चुअ’ म्हणजे अजून नाही. ‘चुअ’मधला ‘अजून’ इंग्रजीत गाळला की ‘अजून मान्य केलेले नाही’ याचे ‘मान्य नाही’ होते आणि चालू असलेली घासाघीस तिथेच तुटते.

आकड्यांची तयारी स्वतंत्रपणे करावी लागते. हिंदी-मराठीतल्या लाख-कोटींमुळे जो गोंधळ होतो, तो इथे नाही, कारण हजार, दशलक्ष, अब्ज हे टप्पे व्हिएतनामीत आणि इंग्रजीत एकच आहेत. अडचण बोलण्याच्या लकबीत आहे. व्हिएतनामीत शेवटचे एकक गाळून टाकतात. ‘शंभर दोन’ असे शब्द आले तर आकडा १०२ नसून १२० असतो. १०२ म्हणायचे असेल तर मधल्या शून्यासाठी दक्षिणेत ‘ले’ आणि उत्तरेत ‘लिन्ह’ हा शब्द घालतात. हाच नियम भावाला लागतो. ‘बा दो हाय’ म्हणजे तीन डॉलर वीस सेंट, आणि ‘बा दो ले हाय’ म्हणजे तीन डॉलर दोन सेंट. एक अक्षर ऐकायचे राहिले तर पौंडामागे अठरा सेंटांची चूक होते, आणि ३५,००० पौंडांच्या एका कंटेनरवर ती ६,३०० डॉलरची असते. ‘रुओइ’ हा शब्द आला की अर्धा धरायचा: ‘तीन डॉलर रुओइ’ म्हणजे साडेतीन. पाच या अंकाचे ‘नम’ हे नाव वर्षालाही आहे आणि पंधरा, पंचवीस यांत ते बदलून ‘लम’ होते. लेखी कागदावर आणखी एक गोष्ट सांभाळायची. व्हिएतनाममध्ये हजारांचा विभाजक बिंदू आहे आणि दशांशासाठी स्वल्पविराम, नेमके इंग्रजीच्या उलट. मसुद्यातला १.५०० हा दीड हजार असतो. यासाठी सराव एकच: सहकाऱ्याने उत्तरेच्या आणि दक्षिणेच्या दोन्ही ढंगांत आकडे भराभर म्हणायचे आणि दुभाष्याने ते ऐकताक्षणी अंकांत लिहायचे. रोज दहा मिनिटे, आठवडाभर. उच्चारांचा सरावही त्याच वेळी होतो, कारण हनोईचा आणि हो चि मिन्हचा माणूस एकाच अक्षराचा उच्चार वेगळा करतात आणि उत्तरेतल्या सहा सुरांपैकी दोन दक्षिणेत एकमेकांत मिसळतात.

आता वही. पाठोपाठच्या भाषांतरातील टिपणांना शिस्त दिली ती जिनिव्हाचे जाँ-फ्रान्स्वा रोझाँ यांनी. १९५६ साली निघालेले त्यांचे छोटेखानी फ्रेंच पुस्तक आजही दुभाष्यांच्या अभ्यासक्रमांत शिकवले जाते. त्यांनी सांगितलेले सूत्र असे की शब्द टिपू नयेत, कल्पना टिपावी. बाकीचे नियम त्यातूनच निघतात: शब्द लहान करण्याची ठरलेली पद्धत, कल्पनांना जोडणारे दुवे, नकार, जोर, उभी मांडणी आणि पायऱ्यांसारखे उजवीकडे सरकत जाणे. चिन्हांचा हव्यास त्यांना नव्हता. त्यांच्या पुस्तकात फक्त वीस चिन्हे आहेत आणि त्यांतलीही निम्मीच अत्यावश्यक असे ते मानत. पुढे काही शिक्षकांनी चिन्हांचे कोश रचले. पण बैठकीच्या आदल्या रात्री नवी चिन्हे पाठ करणे घातकच, कारण टेबलावर ते चिन्ह आठवण्यात जाणारा क्षण ऐकण्यातून वजा होतो. फ्रान्सचे संशोधक दानिएल जील यांनी ही गोष्ट नेमकी मांडली आहे. ऐकणे, लक्षात ठेवणे आणि लिहिणे हे तिन्ही एकाच मर्यादित शक्तीवर चालतात. हात जास्त चालला की कान कमी चालतो.

व्हिएतनामीत टिपणे काढताना एक खास धोका असतो. ही भाषा रोमन लिपीत लिहितात, पण शब्दाचा अर्थ अक्षरांवरच्या आणि खालच्या सुरांच्या खुणांनी ठरतो. घाईत त्या खुणा गळतात. मग ‘बान’ एवढेच उरते आणि ते विकणे आहे, चर्चा करणे आहे, प्रत आहे की मित्र आहे, हे कळत नाही. ‘अजून विकलेले नाही’ आणि ‘अजून चर्चा केलेली नाही’ ही दोन वाक्ये खुणांशिवाय कागदावर एकसारखीच दिसतात. ‘मुअ’ म्हणजे खरेदी आणि वेगळ्या सुरात हंगाम. काजूच्या सौद्यात दोन्ही शब्द दर पाच मिनिटांनी येतात. आद्याक्षरांचीही तीच गत. ‘एच’ आणि ‘डी’ ही अक्षरे करारासाठी वापरतात, मंडळासाठीही आणि कामकाजासाठीही. ‘सी’ आणि ‘पी’ म्हणजे सरकार, समभाग किंवा खर्च. म्हणून या जोडीत काम करणारा दुभाषी विकणे-खरेदी यांसाठी बाण वापरतो, चर्चेसाठी एखादे चौकोनी चिन्ह आणि करारासाठी इंग्रजी अक्षर. मूळ भाषेत लिहावे की लक्ष्य भाषेत, हा वाद जुना आहे. इथे त्याचे उत्तर व्यवहाराने दिले आहे: जे चिन्हाने भागते ते चिन्हाने, आणि जिथे शब्द लागतोच तिथे ज्या भाषेत तो निःसंदिग्ध राहील त्या भाषेत.

वही वरून उलटणारी, स्पायरलची, तळहातापेक्षा जरा रुंद असावी. कागदाच्या एकाच बाजूला लिहायचे. डावीकडे दोन बोटांची समास-रेघ ओढायची आणि तिच्या डाव्या बाजूला फक्त जोडशब्द टिपायचे: पण, जर, कारण, म्हणून. एक मुद्दा संपला की आडवी रेघ. सांगून झालेल्या मजकुरावर तिरपी रेघ मारायची, म्हणजे मागचा मजकूर पुन्हा वाचला जात नाही. सोबत दोन पेन.

आता विक्रेत्याचे एक बोलणे घेऊ. तो व्हिएतनामीत म्हणतो: “३२० प्रत आम्ही तुम्हाला तीन डॉलर पंधराने देऊ, पण दोन कंटेनरपर्यंतच. तीन घेतलेत तर भाव दहा सेंट वाढेल, कारण कच्च्या बीचा भाव चढला आहे. माल साधारण ऑगस्टअखेरीस निघेल असा अंदाज आहे. सही झाली की तीस टक्के इसार, उरलेले कागदपत्रांच्या प्रती पोचल्यावर. मात्र इसाराबद्दल आमच्या संचालकांचे मत अजून घेतलेले नाही.” दुभाष्याच्या पानावर हे काहीसे असे उतरते. रोमन अक्षरांच्या जागी इथे मराठी अक्षरे घेतली आहेत.

```
      | वि → ग्रा  ३२०
      |     ३.१५ /पौं
पण   |        ≤ २ कं
------------------------
जर   | ३ कं
      |     → ↑ ०.१० /पौं  (?)
∵     |        बी ↑
------------------------
      | रवाना  ~ ऑग. अखेर
------------------------
      | सही → इसार ३०%
      |     ७०% ← प्रती
पण   |        संचा.: अजून ✗
```

कोण, काय, किती हे प्रत्येक खंडात डावीकडून उजवीकडे पायऱ्यांनी उतरते, त्यामुळे नजर वरून खाली गेली की वाक्य आपोआप बनते. ‘साधारण’ आणि ‘अंदाज’ यांसाठी ‘~’ ही लाटेची खूण आहे. ती विसरली तर अंदाजाचे वचन होते. ‘अजून’ हा शब्द चिन्हावर न सोडता मुद्दाम पूर्ण लिहिला आहे. आकडे आणि नावे ऐकताक्षणी उतरवायची, कारण त्यांना संदर्भाचा आधार नसतो आणि ती आठवून काढता येत नाहीत. बाकीच्या मजकुरासाठी मात्र थोडे मागे राहायचे. कल्पना पूर्ण कळेपर्यंत पेन उचलायचे नाही. व्हिएतनामीत हे अधिकच जरूर आहे, कारण क्रियापदाला काळाचा प्रत्यय नसतो. माल ‘पाठवतो’, ‘पाठवला’ की ‘पाठवू’ हे अनेकदा पुढे येणाऱ्या एखाद्या शब्दावरून ठरते. इंग्रजीत मात्र काळ निवडल्याशिवाय वाक्य सुरूच होत नाही.

दुसऱ्या खंडातले कंसातले प्रश्नचिन्ह दुभाष्याने स्वतःसाठी घातले आहे. तीन कंटेनर घेतले तर दहा सेंटांची वाढ फक्त तिसऱ्यावर की तिन्हींवर? विक्रेत्याच्या वाक्यातून ते कळत नाही. पहिल्या अर्थाने खरेदीदाराला ३,५०० डॉलर जास्त पडतात, दुसऱ्याने १०,५००. असे प्रश्नचिन्ह पडले की भाषांतर सुरू करण्याआधी दुभाषी स्वतःच्या नावाने बोलतो: “दुभाष्याला एक खुलासा हवा आहे.” एरवी तो बोलणाऱ्याच्या वतीने ‘आम्ही’ असेच बोलत असतो, म्हणून स्वतःसाठी त्याने तृतीय पुरुष वापरायचा. दुभाषी काय विचारतो आहे हे दुसऱ्या बाजूलाही एका वाक्यात सांगायचे, नाहीतर दोघे आपसात काय बोलले अशी शंका तिला येते. खुलासा विचारणे कमीपणाचे वाटून अनेक नवखे गप्प राहतात आणि जो अर्थ बरा वाटेल तो सांगून मोकळे होतात. या पेशातला हा सर्वांत महागात पडणारा दोष आहे.

वाचून दाखवणे हीही वेगळी कला आहे. पानाकडे एक नजर टाकायची, मान वर करायची आणि समोर बघून बोलायचे. वहीत तोंड खुपसून वाचणाऱ्याचे इंग्रजी तुटक येते आणि समोरच्या चेहऱ्यावरचा गोंधळ त्याला दिसत नाही. तयारी कमी पडली आहे हे ओळखण्याच्या काही खुणा सरावातच दिसतात. पान शब्दांनी गच्च भरले असेल आणि जोडशब्दांचा समास रिकामा असेल, तर दुभाषी ऐकत नव्हता, लिहून घेत होता. सुरुवात तपशीलवार आणि शेवट धूसर येत असेल, तर हात बोलणाऱ्याच्या मागे पडला होता. सरावाला खऱ्या पत्रव्यवहारातलेच परिच्छेद घ्यावेत. सहकाऱ्याने ते बोलल्यासारखे म्हणावेत आणि भाषांतर ध्वनिमुद्रित करून मूळ मजकुराशी ताडून पाहावे. आधी वही न घेता एकेका मिनिटाचे तुकडे नुसते ऐकून सांगण्याचा सराव केला, तर टिपणे आपसूक कमी होतात.

बैठक सुरू होण्यापूर्वी दहा मिनिटे काढून दोन्ही बाजूंशी तीन गोष्टी ठरवायच्या. एक, दोन-तीन मुद्द्यांनंतर थांबायचे आणि आकड्यांची यादी असेल तर ती कागदावर द्यायची. दोन, बसण्याची जागा अशी हवी की दोन्ही प्रमुखांचे चेहरे दिसतील आणि ऐकू येईल. तीन, एका बाजूचे लोक आपसात बोलू लागले तर त्याचे भाषांतर करायचे की नाही. ही तिसरी गोष्ट आधी ठरली नाही तर हटकून पेच येतो. कारखान्याचे दोघे दबक्या आवाजात आपला खरा तळभाव बोलतात, खरेदीदार दुभाष्याकडे बघतो आणि त्या क्षणी नियम ठरवायला वेळ नसतो. दुभाषी कोणी नेमला आहे आणि त्याचे बंधन कोणाशी आहे, हे सर्वांना आधी माहीत असले की त्याच्यावर कोणी रागावत नाही.

वाटाघाट संपताना मान्य झालेला प्रत्येक आकडा दोन्ही भाषांत एकेक अंक सुटा करून पुन्हा म्हटला जातो: प्रत, खोके, पौंडाचा भाव, एकूण रक्कम, तारीख, इसार. दोन कंटेनर म्हणजे ७०,००० पौंड, ३.१५ ने २,२०,५०० डॉलर, त्याच्या तीस टक्के ६६,१५० डॉलर. हा हिशेब टेबलावरच जुळला की तो इतिवृत्तात जातो, आणि मजकुरात फरक आढळल्यास कोणत्या भाषेतली प्रत ग्राह्य धरायची हेही त्यात लिहितात. दोन्ही बाजूंच्या सह्या झाल्या की दुभाषी आपल्या वहीतली पाने फाडून यंत्रात घालून नष्ट करतो.